रजिस्टरात ‘कळवलं’ अशी नोंद आहे, पण वॉर्डातला आकडा वेगळाच: क्रिटिकल व्हॅल्यूच्या फोनमध्ये नेमकं काय चुकतं

जिवाला धोका दाखवणारा रिझल्ट, म्हणजे क्रिटिकल व्हॅल्यू, लॅबने वॉर्डला लगेच फोनवर कळवायची असते. त्यावरून तक्रार नेहमी एकाच तऱ्हेची येते. वॉर्ड म्हणतो, लॅबने चुकीचा आकडा सांगितला किंवा फोनच केला नाही. लॅब रजिस्टर उघडून दाखवते: वेळ आहे, सिस्टरांचं नाव आहे, ‘रीड-बॅक’च्या, म्हणजे ऐकणाऱ्याने लिहिलेलं वाचून दाखवल्याच्या, रकान्यात टिक आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि पेशंटचं नुकसान तरीही झालेलं असतं. लॅबमध्ये नवीन लागलेल्यांना मी हे प्रकरण सगळ्यात आधी समजावतो, कारण अशी एक चूक माझ्या हातून झालेली आहे.

ती रात्र

मेडिसिन वॉर्डातला तापाचा पेशंट. रात्री २ वाजून १२ मिनिटांनी सेल काउंटरच्या स्क्रीनवर `PLT 9` आलं, म्हणजे प्लेटलेट ९,०००. आमच्या यादीत २०,०००च्या खालचा आकडा क्रिटिकल होता. सॅम्पलमध्ये गुठळी आहे का ते काडी फिरवून पाहिलं, नव्हती. स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला. शेपटाकडच्या भागात प्लेटलेटचे पुंजके दिसले नाहीत. ऑइल इमर्शनखाली एका फील्डमध्ये एक प्लेटलेट दिसली, तर तो आकडा ढोबळमानाने १५ ते २० हजार धरतात. इथे दोन फील्ड मिळून जेमतेम एक दिसत होती. म्हणजे मशीनचा आकडा खरा होता. इथपर्यंत काहीच चुकलं नाही.

२ वाजून ३१ मिनिटांनी मी वॉर्डात फोन केला. म्हणालो, “सिस्टर, चौदा नंबरच्या पेशंटच्या प्लेटलेट नऊ हजार आहेत, डॉक्टरांना कळवा.” मागे कुठला तरी मॉनिटर वाजत होता. त्या म्हणाल्या, “हो, लिहिलं.” मी विचारलं, “नऊ हजार लिहिलंत ना?” त्या म्हणाल्या, “हो हो.” मी टिक केली.

त्यांच्या वहीत ‘९०,०००’ लिहिलेलं होतं. त्यांना ‘नव्वद हजार’ ऐकू आलं होतं. नव्वद हजारासाठी कोणी झोपेतल्या डॉक्टरांना उठवत नाही. पहाटे ४ वाजता त्या पेशंटला मांडीत इंजेक्शन दिलं गेलं. ९,००० प्लेटलेट असताना स्नायूत सुई टोचायची नसते, पण वहीतला आकडा ९०,०००चा होता. सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी राउंडच्या डॉक्टरांनी छापील रिपोर्ट पाहिला आणि लॅबला फोन केला. तोवर पेशंटची मांडी रक्त साकळून टणक झाली होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. प्लेटलेट चढवल्या, पेशंट बरा होऊन घरी गेला. माझ्या फोनपासून त्यांच्या फोनपर्यंत ५ तास १९ मिनिटं गेली होती, आणि त्या सगळ्या वेळात माझ्या रजिस्टरात काम ‘पूर्ण’ झालेलं होतं.

‘हो’ म्हणजे रीड-बॅक नव्हे

मी विचारलेला प्रश्न परत पाहा: “नऊ हजार लिहिलंत ना?” आकडा मीच बोललो. समोरच्याला फक्त होकार द्यायचा होता. ज्याला आधीच ‘नव्वद’ ऐकू आलंय, त्याला दुसऱ्यांदाही ‘नव्वद’च ऐकू येणार, कारण कानाने एकदा ठरवलेलं असतं. असा प्रश्न दहा वेळा विचारला तरी चूक सापडणार नाही.

रीड-बॅकमध्ये तीन गोष्टी याच क्रमाने घडायला हव्यात. ऐकणाऱ्याने आधी लिहायचं. मग *लिहिलेलं* वाचायचं. आणि सांगणाऱ्याने ते ऐकत असताना स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. यातली मधली पायरी सगळ्यात जास्त वेळा गळते. सिस्टर ऐकल्या ऐकल्या तोंडाने “नऊ हजार, बरं” म्हणतात आणि हाताने मात्र वेगळंच लिहितात, किंवा फोन ठेवल्यावर आठवून लिहितात. तोंडून आलेला तो आकडा आपल्याच आवाजाचा पडसाद असतो. कागदावर काय उतरलंय ते त्यातून कळत नाही. म्हणून वाक्य ठरलेलं ठेवा: “तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.” आकडा आपण पुन्हा उच्चारायचा नाही.

तिसऱ्या पायरीत चूक आपल्याकडून होते. वाचून दाखवलं जात असताना आपण पुढच्या सॅम्पलचा बारकोड शोधत असतो, आणि आपल्यालाही जे अपेक्षित आहे तेच ऐकू येतं. वाचन चालू असताना बोट स्क्रीनवरच्या आकड्यावर ठेवा. मी अजूनही ठेवतो.

मराठी आकडे फोनवर का फसवतात

नऊ आणि नव्वद, एकोणतीस आणि एकोणचाळीस, पंचवीस आणि पस्तीस, त्रेचाळीस आणि त्रेसष्ट. वाईट लाइनवर यांतला फरक अर्ध्या अक्षराचा उरतो. दुसरी अडचण क्रमाची. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतो आणि चाळीस नंतर. घाईत लिहिणाऱ्याचा हात ऐकलेल्या क्रमाने चालला, तर ४७ चे ७४ होतात. तिसरी अडचण ‘अडीच’, ‘साडेसहा’, ‘पावणेसात’ यांची. पोटॅशियम ‘साडेसहा’ म्हणून सांगितलं, तर समोरचा ६.५ लिहील, ६.३० लिहील की नुसतं ६ लिहील, याचा भरवसा नाही.

यावर उपाय सोपा आहे. आकडा नेहमीसारखा एकदा सांगा आणि लगेच एक-एक अंक सुटा करून सांगा. “ग्लुकोज एकोणचाळीस, तीन, नऊ.” “पोटॅशियम सहा पॉइंट पाच. सहा, दशांश चिन्ह, पाच.” प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशींसारखे मोठे आकडे असतील तर किती अंकी आहेत तेही सांगा: “नऊ हजार; नऊ, शून्य, शून्य, शून्य; एकूण चार अंक.” त्या रात्री मी ‘चार अंक’ एवढे दोन शब्द बोललो असतो, तर वहीतलं जास्तीचं शून्य तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं. एकक कधीही गाळू नका. काही ठिकाणी प्लेटलेट लाखांत लिहितात; ०.०९ लाख आणि ०.९ लाख यांच्यामध्ये फक्त एका शून्याचं अंतर आहे. फोनवर लाखांतला दशांश सांगूच नये, पूर्ण संख्या सांगावी.

शिवाय आकड्याबरोबर ‘हा क्रिटिकल कमी आहे’ किंवा ‘क्रिटिकल जास्त आहे’ हे शब्दांत सांगा. आकडा चुकीचा ऐकला गेला, तरी ‘क्रिटिकल कमी’ आणि ‘९०,०००’ हे एकत्र पाहून अनुभवी सिस्टर स्वतःच विचारतात.

फोन असा व्हावा

माझ्या चुकीनंतर आम्ही जे बसवलं ते असं आहे.

“सिस्टर, लॅबमधून बोलतोय. क्रिटिकल रिपोर्ट आहे. वही-पेन घ्या, मी थांबतो.”

“हं, बोला.”

“तुमचं नाव आणि पद सांगा, प्लीज.” ते सांगतात, मी लिहितो. मग माझं नाव सांगतो.

“पेशंटचं पूर्ण नाव सांगतो, आणि नोंदणी क्रमांक: चार, शून्य, सात, एक, दोन, सहा. हा पेशंट तुमच्याकडेच आहे ना, पाहून सांगा.”

“हो, आहे.”

“प्लेटलेट, नऊ हजार, नऊ, शून्य, शून्य, शून्य, चार अंक, प्रति घन मिलिमीटर. क्रिटिकल कमी. सॅम्पल रात्री एक चाळीसला घेतलेलं. स्मिअर पाहिलाय, पुंजके नाहीत. आता नाव, नंबर, तपासणी आणि आकडा, तुम्ही लिहिलंय तसं वाचून दाखवा.”

त्या वाचतात. बरोबर असेल तर मी “बरोबर” म्हणतो आणि घड्याळ पाहतो. चुकीचं असेल तर “नाही, पुन्हा सांगतो” म्हणून पूर्ण आकडा परत सांगतो आणि पूर्ण वाचन परत मागतो. नुसतं “शेवटचं शून्य काढा” म्हणून भागवत नाही, कारण मग त्यांनी नेमकं कुठलं शून्य काढलं ते मला कळत नाही.

एकदा घड्याळ लावून हा संवाद म्हणून पाहा, साधारण मिनिटभर लागतं. यातून तपासायची एक खूणही मिळते. फोनच्या कॉल लॉगमध्ये १२-१५ सेकंदांचा कॉल असेल आणि रजिस्टरात रीड-बॅकची टिक असेल, तर रीड-बॅक झालेला नाही.

पेशंटची ओळख बेड नंबरने देऊ नका. त्या रात्री मी ‘चौदा नंबर’ म्हणालो, आणि नशिबाने तो पेशंट त्याच बेडवर होता. बेड बदलतात, पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवले जातात. नाव आणि नोंदणी क्रमांक त्यांच्याबरोबर जातात.

निरोप घेणारी व्यक्ती सिस्टर किंवा डॉक्टर असावी, किंवा तुमच्या लेखी नियमात जिला परवानगी आहे अशी. वॉर्डबॉय, रिसेप्शन किंवा नातेवाइकाने फोन उचलला तर आकडा सांगायचा नाही, “सिस्टरांना बोलवा” एवढंच म्हणायचं. ओपीडीच्या पेशंटचा रिपोर्ट असेल तर तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. ते मिळत नसतील तर पुढे कोण, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. रात्री दोनला स्वतः ठरवत बसू नये.

वेळ कुठून मोजायची

नवीन मुलं मर्यादा विचारतात तेव्हा मिनिटं विचारतात. त्याआधी घड्याळ कधी सुरू होतं ते विचारायला हवं. १९७२ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी क्रिटिकल व्हॅल्यूची कल्पना मांडली तेव्हा तिचा गाभा असा होता: लगेच काही केलं नाही तर जिवाला धोका आहे आणि करण्यासारखं काहीतरी आहे, असा रिझल्ट. त्यामुळे घड्याळ सुरू होतं ते रिझल्ट हाती आल्यापासून, आपण फोन उचलल्यापासून नव्हे. आणि ते थांबतं वाचन बरोबर आल्यावर, फोन लागल्यावर नव्हे.

मिनिटं प्रत्येक लॅब आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवते. आमच्याकडे आयसीयू, कॅज्युअल्टी आणि ऑपरेशन थिएटरसाठी १५ मिनिटं होती, वॉर्डसाठी ३०. माझा त्या रात्रीचा फोन १९ मिनिटांत झाला, मर्यादेत बसला. पण मोजणी वाचनापर्यंत केली असती, तर ती मोजणी थांबलीच नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ जातो खातरजमेत. सॅम्पल हिमोलाइज्ड आहे का, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्यात का, लेबल बरोबर आहे का, आधीच्या रिपोर्टशी जुळतं का, ड्रिपच्या हातातून तर काढलेलं नाही ना, हे पाहायलाच हवं. पण त्यालाही हद्द हवी. पुन्हा रन करून यायला २० मिनिटं लागणार असतील आणि सॅम्पलमध्ये संशयास्पद काही दिसत नसेल, तर फोन आधी करायचा: “हा आकडा आलाय, खातरजमा चालू आहे, पुन्हा फोन करतो.” नंतर आकडा बदलला तर दुसरा फोन, पुन्हा पूर्ण वाचनासकट. संशय असेल तर तो सांगा आणि नवीन सॅम्पल मागा. पोटॅशियम खूप जास्त आणि त्याच सॅम्पलमध्ये कॅल्शियम अविश्वसनीय कमी आलं, तर जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे तो आकडा खरा म्हणून कळवणं हेच धोक्याचं.

आता घड्याळांविषयी. मशीनचं, लॅबच्या कॉम्प्युटर सिस्टिमचं म्हणजे एलआयएसचं, आणि भिंतीवरचं घड्याळ एकच वेळ दाखवत नसेल, तर नोंदींना अर्थ राहत नाही. मी एकदा पाहिलं, मशीन सात मिनिटं पुढे होतं, आणि काही फोन रिझल्ट येण्याच्या *आधी* केल्याचं दिसत होतं. रोज सकाळी क्यूसी, म्हणजे मशीनची गुणवत्ता-तपासणी, लावताना तिन्ही घड्याळं जुळवून घ्या, अर्धं मिनिट लागतं.

रजिस्टर खरं बोलतंय का

जागतिक मानक आयएसओ १५१८९ च्या २०२२ च्या आवृत्तीत नोंदीत काय हवं ते दिलेलं आहे: तारीख, वेळ, जबाबदार व्यक्ती, कोणाला कळवलं, कोणता रिझल्ट कळवला, नीट पोचल्याची पडताळणी आणि कळवताना आलेल्या अडचणी. शेवटचा मुद्दा बहुतेक रजिस्टरांत नसतोच. पुढे त्याकडे येतो.

पडताळणीसाठी टिकचा रकाना ठेवू नका. टिक आधीच्या ओळींच्या ओघात होऊन जाते. आम्ही त्याजागी ‘वाचून दाखवलेला आकडा’ असा रकाना केला. तिथे स्क्रीनवरचा आकडा उतरवायचा नाही. फोनवर जे ऐकू येईल ते, ऐकता ऐकता लिहायचं. मग शेजारच्या दोन रकान्यांत दोन आकडे उभे राहतात आणि फरक असला तर डोळ्यालाच दिसतो. माझी त्या रात्रीची नोंद आज अशी असती:

“रिझल्ट ०२:१२. प्लेटलेट ९,०००. फोन ०२:३१, घेणार: स्टाफ नर्स, नाव. वाचून दाखवलं: ९०,०००. चूक सांगितली, आकडा पुन्हा दिला. दुसऱ्यांदा वाचून दाखवलं: ९,०००. पूर्ण ०२:३३. सही.”

नोंद फोन चालू असतानाच व्हायला हवी. शिफ्टच्या शेवटी बसून भरलेल्या नोंदी ओळखण्याची एक साधी रीत आहे. शेवटच्या ४० नोंदींतल्या मिनिटांचा शेवटचा अंक पाहा. घड्याळ बघून लिहिलेल्या वेळांमध्ये ० किंवा ५ ने संपणाऱ्या साधारण पाचात एक, म्हणजे ४० मध्ये ८च्या आसपास असाव्यात. ३० निघाल्या, तर वेळा आठवणीतून लिहिल्या गेल्यात. महिन्यातून एकदा पाच-सहा नोंदी घेऊन वॉर्डात जा आणि त्यांच्या वहीतला आकडा व वेळ आपल्याशी ताडून पाहा. आमची चूक आम्हाला कागदावर पहिल्यांदा दिसली ती याच रीतीने, आणि माझी एकट्याची नव्हती.

नोंद उशिरा करावी लागली तर ‘उशिरा नोंद’ असं लिहून नोंद करतानाची वेळही टाका. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, वेळ. गिरवून दुरुस्ती करू नका, व्हाइटनर तर नाहीच.

फोन उचलला जात नाही, किंवा वाचायला नकार मिळतो

फोन न उचलणं हीसुद्धा नोंद आहे. प्रत्येक प्रयत्नाची वेळ लिहा: “०२:३१ वॉर्ड, उचलला नाही. ०२:३६ वॉर्ड, व्यस्त.” आमचा नियम दोन प्रयत्नांचा, पाच मिनिटांच्या अंतराने. त्यानंतर थेट ड्युटी डॉक्टर, मग नर्सिंग सुपरवायझर, मग आमचे ऑन-कॉल पॅथॉलॉजिस्ट. कोणी तरी आकडा लिहून वाचून दाखवेपर्यंत हे थांबत नाही. मेसेज पाठवला, निळ्या खुणा दिसल्या, एवढ्यावर काम संपवू नका; पाहणं आणि वाचून दाखवणं वेगळं आहे. शिफ्ट संपत आली आणि फोन लागला नसेल, तर पुढच्याला तोंडी सांगून निघू नका. रजिस्टरातली ती ओळ दाखवा आणि त्याची सही घ्या.

पेशंटचा रोजच क्रिटिकल येत असेल, उदाहरणार्थ केमोथेरपीनंतर, तर प्रत्येक वेळी फोन करायचा का, हे उपचार करणारे डॉक्टर आणि लॅबप्रमुख लेखी ठरवतात. तसं काही लिहिलेलं नसेल तर फोन करायचा.

आणि सगळ्यात नेहमीचं: “कळलं, ठेवते, इथे गडबड आहे.” फोन कट. मी रागावत नाही; तिकडे खरंच गडबड असते. लगेच परत लावतो आणि म्हणतो, “सिस्टर, तुम्ही वाचून दाखवल्याशिवाय माझी नोंद पूर्ण होत नाही, वीस सेकंद द्या.” बहुतेक जणी देतात. नाहीच दिलं तर रजिस्टरात ‘वाचून दाखवलं नाही, ०२:३४’ असं स्वच्छ लिहितो, घड्याळ चालूच धरतो, आणि पुढचा नंबर लावतो तो ड्युटी डॉक्टरांचा.